जीडब्ल्यूएएस आणि 5×10⁻⁸ ची रेषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत बायोटेक, संख्याशास्त्र, फार्मसी शिकणारे विद्यार्थी आणि प्रोजेक्टसाठी पहिल्यांदाच जनुकीय डेटा हाताळणारे डॉक्टर आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. जीडब्ल्यूएएस म्हणजे आजाराशी जोडलेल्या जागा संपूर्ण जीनोमभर शोधणारा अभ्यास, आणि त्यात पी-व्हॅल्यू 5×10⁻⁸ च्या खाली गेली तरच संबंध सापडला असं मानतात. उदाहरणासाठी सगळीकडे टाइप २ मधुमेहच घेतला आहे. जिथे ‘समजा’ म्हटलं आहे तिथले आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळून पाहा.

१. जीडब्ल्यूएएसमध्ये नेमकं करतात काय?

मधुमेह असलेले काही हजार लोक घेतात, त्यांना केस म्हणतात. नसलेले तितकेच किंवा जास्त घेतात, ते कंट्रोल. प्रत्येकाच्या रक्तातून डीएनए काढून तो चिपवर तपासतात. माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो अशा लाखो जागा, म्हणजे स्निप, चिप वाचते. मग एकेका स्निपसाठी एकच प्रश्न विचारला जातो: या जागेचं अमुक अक्षर केसमध्ये कंट्रोलपेक्षा जास्त वेळा दिसतं का?

हाच प्रश्न प्रत्येक स्निपला स्वतंत्रपणे विचारायचा, आणि दर वेळी एक पी-व्हॅल्यू मिळवायची. कुठलंही जनुक आधीपासून संशयित नसतं. ही पद्धतीची ताकद आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांचं मूळही तेच आहे.

२. आम्हाला तर 0.05 शिकवलं. इथे तेच का चालत नाही?

०.०५ चा अर्थ असा: प्रत्यक्षात काहीच संबंध नसेल, तरी निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक शंभरात पाच वेळा दिसेल. एकच चाचणी केली तर हा धोका परवडतो. चिपवर ५ लाख स्निप असतील तर चाचण्याही ५ लाख होतात.

यासाठी एक प्रयोग स्वतः करून पाहा. तुमच्या डेटातली केस-कंट्रोलची लेबलं यादृच्छिक रीतीने अदलाबदल करा. आता कुठल्याच स्निपचा आजाराशी संबंध उरलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही ०.०५ च्या खाली सरासरी २५,००० स्निप येतील, ०.००१ च्या खाली ५००, आणि 10⁻⁵ च्या खालीसुद्धा ५ येतील. त्या पाचांतलं एखादं इन्सुलिनशी नातं सांगणाऱ्या जनुकाजवळ सापडलं की त्याभोवती गोष्ट रचायला वेळ लागत नाही. 5×10⁻⁸ वर हीच अपेक्षा ०.०२५ होते. म्हणजे असे चाळीस अभ्यास केले तर एखाद्यात एक खोटा संबंध निघेल.

३. पण नेमका 5×10⁻⁸ हाच आकडा आला कुठून? आमच्या चिपवर ५ लाखच स्निप आहेत.

०.०५ ला १० लाखांनी भागलं की 5×10⁻⁸ येतं. हा बॉन्फेरोनीचा साधा नियम: जितक्या चाचण्या, तितक्याने मर्यादा भागायची. १९९६ मध्ये नील रिश आणि कॅथलीन मेरिकांगस यांनी ‘सायन्स’मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी माणसात १ लाख जनुकं धरली होती, प्रत्येकात ५ फरक आणि प्रत्येकाची २ अक्षरं: झाल्या १० लाख चाचण्या. आज प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास आहेत हे आपल्याला माहीत आहे. गृहीतक चुकलं, पण आकडा टिकला. कारण पुढे माणसांतल्या जनुकीय फरकांची नोंद करणाऱ्या हॅपमॅप प्रकल्पाच्या माहितीवरून वेगळ्या वाटेने केलेला हिशेब जवळपास तिथेच पोचला.

ती दुसरी वाट समजून घेण्यासारखी आहे. गुणसूत्रावर शेजारी असलेली स्निप बहुतेकदा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे एकाचं अक्षर कळलं की दुसऱ्याचं बरंचसं ओळखता येतं. याला एलडी म्हणतात. अशी दहा स्निप तपासली तरी खऱ्या अर्थाने दहा वेगळ्या चाचण्या होत नाहीत. युरोपीय वंशाच्या लोकांत वारंवार आढळणारे सगळे फरक तपासले, तर ते साधारण १० लाख स्वतंत्र चाचण्यांइतके भरतात.

म्हणूनच इम्प्युटेशन करून, म्हणजे चिपने न वाचलेल्या स्निपचा एलडीवरून अंदाज बांधून, स्निपची संख्या ५ लाखांवरून १ कोटीवर गेली तरी १ कोटीने भागत नाहीत. आणि चिपवर ५ लाखच आहेत म्हणून 10⁻⁷ वर थांबणं हिशेबाला धरून असलं, तरी परीक्षक ते सहसा मान्य करत नाहीत. रेषा तुमच्या चिपची नाही, संपूर्ण जीनोमची आहे.

४. हे जरा अतीच नाही का? पूर्वी जनुकांचे अभ्यास 0.05 वरच छापले जायचे ना?

छापले जायचे, आणि त्यांचं काय झालं हे मोजलं गेलं आहे. २००२ मध्ये जोएल हर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी आजार आणि जनुकीय फरक यांच्यातले तोवर प्रसिद्ध झालेले ६०० हून अधिक संबंध तपासले. त्यांतले १६६ संबंध तीन किंवा अधिक वेळा अभ्यासले गेले होते. सातत्याने पुन्हा दिसलेले फक्त ६ निघाले.

एवढी पडझड का, हे समजायला फक्त चाचण्यांची संख्या पुरत नाही. खरे संबंध किती विरळ आहेत तेही पाहावं लागतं. समजा १० लाख स्वतंत्र जागांपैकी १० जागांचा मधुमेहाशी खरा आणि सापडण्याजोगा संबंध आहे, आणि तुमचा अभ्यास त्यांतल्या निम्म्या पकडू शकतो. म्हणजे खऱ्या ५ हाती लागतील. मर्यादा 10⁻⁴ ठेवली तर त्यांच्याबरोबर खोट्या १०० येतील. तुमच्या यादीतला कुठलाही संबंध खरा असण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. मर्यादा 5×10⁻⁷ ठेवली तर खोटे संबंध सरासरी अर्धा, म्हणजे दहास एक असं प्रमाण पडतं. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्ट केस कंट्रोल कन्सॉर्शियमने २००७ मध्ये सात आजारांच्या १४,००० रुग्णांवर आणि ३,००० सामायिक कंट्रोलवर काम केलं, तेव्हा 5×10⁻⁷ ही रेषा याच विचाराने निवडली होती. 5×10⁻⁸ वर प्रमाण आणखी दहापट सुधारतं, निम्मे पकडण्याइतका नमुना मोठा असेल तर.

बॉन्फेरोनी एवढंच सांगतो की एकही खोटा संबंध येऊ नये. वरचा हिशेब सांगतो की आलेल्या संबंधावर विश्वास किती ठेवावा. दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, म्हणून ही रेषा टिकली असं आमचं मत आहे.

५. इतकी कडक रेषा ठेवली तर खरे संबंधही निसटतील ना?

निसटतात. प्रश्न किती, आणि ते भरून काढायला काय लागतं, हा आहे.

समजा एका स्निपचं धोक्याचं अक्षर कंट्रोलमध्ये ३० टक्के आहे आणि त्याचा ऑड्स रेशो, म्हणजे ते अक्षर असल्यास आजाराचे ऑड्स किती पट होतात तो आकडा, १.२ आहे. जीडब्ल्यूएएसमध्ये हा अगदी नेहमीचा आकडा. मग केसमध्ये ते अक्षर सुमारे ३४ टक्के असेल. २,००० केस आणि २,००० कंट्रोल घेतले तर अपेक्षित झेड, म्हणजे फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा, साधारण ३.८ येतो, म्हणजे पी 1.4×10⁻⁴ च्या आसपास. रेषा ओलांडायला झेड ५.४५ हवा. इतक्या नमुन्यात हा खरा संबंध सापडण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के.

आता ८० टक्के शक्यता हवी असेल तर? ०.०५ च्या मर्यादेला दोन्हीकडे सुमारे १,१०० माणसं पुरतात, आणि 5×10⁻⁸ ला सुमारे ५,५००. म्हणजे मर्यादा दहा लाख पटींनी कडक केली, पण माणसं फक्त पाचपट लागली. झेड नमुन्याच्या वर्गमुळाने वाढतो आणि पी-व्हॅल्यू झेडच्या शेपटीत फार वेगाने घसरते, म्हणून हे जमतं. एका क्लिनिकला ५,५०० केस झेपत नाहीत हे खरं. त्याचा उपाय अनेक केंद्रांनी आपापले निकाल एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस करणं हा आहे. मर्यादा सैल केली तर प्रश्न ४ मधली स्थिती परत येते.

६. माझा सर्वांत चांगला स्निप 2×10⁻⁶ वर अडकला. आता काय करू?

तो फेकू नका, आणि ‘सापडला’ असंही लिहू नका. 10⁻⁵ ते 5×10⁻⁸ या पट्ट्यातल्या स्निपना सूचक म्हणतात. त्यांच्यासाठी सरळ वाट म्हणजे वेगळ्या लोकांवर पुन्हा तपासणी. पहिल्या टप्प्यातून ८ वेगवेगळ्या जागा निवडल्या असतील तर दुसऱ्या टप्प्यात मर्यादा ०.०५ भागिले ८, म्हणजे ०.००६२५. तिथे चाचण्या आठच आहेत, म्हणून जीनोमभरची रेषा लागत नाही. परिणामाची दिशा मात्र तीच यायला हवी. शेवटी दोन्ही टप्पे एकत्र करून 5×10⁻⁸ गाठला जातो का तेही दाखवावं लागतं.

इथे एक गफलत फार होते. दुसऱ्या टप्प्याचा नमुना ठरवताना लोक पहिल्या टप्प्यातला ऑड्स रेशो जसाच्या तसा वापरतात. प्रश्न ५ मधला अभ्यास पाहा: खरा ऑड्स रेशो १.२, पण २,००० केसमध्ये रेषा ओलांडायची तर योगायोगाने तो किमान १.३० दिसायलाच हवा. म्हणजे त्या नमुन्यात जो कोणी रेषेपार जाईल त्याचा आकडा फुगलेलाच असेल. १.३० धरून नमुना काढलात तर तो निम्म्याहून कमी भरतो, पुन्हा तपासणी फसते, आणि खरा संबंध खोटा ठरवला जातो.

७. पी 3×10⁻¹² आला. आता तरी नक्की खरा ना?

नाही. कडक रेषा फक्त योगायोगापासून वाचवते. नमुना निवडतानाच्या चुकीपुढे ती हतबल आहे.

समजा केस घणसोली-कोपरखैरणे परिसरातल्या दवाखान्यांतून घेतल्या, जिथे आगरी-कोळी गावांतले लोक जास्त येतात, आणि कंट्रोल ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांच्या आरोग्य शिबिरांतून, जिथे देशभरातून आलेले लोक आहेत. मधुमेहाशी काडीचा संबंध नसलेलं एक स्निप घ्या, ज्याचं अक्षर पहिल्या समूहात २० टक्के आणि बाकीच्यांत ३० टक्के आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जातीत लग्नं झाल्याने असे फरक सर्रास असतात. केसमध्ये पहिला समूह ७० टक्के आणि कंट्रोलमध्ये ४० टक्के असेल, तर अक्षराचं प्रमाण केसमध्ये २३ आणि कंट्रोलमध्ये २६ टक्के दिसेल.

२,०००-२,००० लोकांत याचा झेड ३.१ येतो आणि रेषा त्याला अडवते. आता प्रश्न ५ चा सल्ला ऐकून तुम्ही दोन्हीकडे १०,००० लोक घेतले. झेड जवळपास ७ होतो आणि पी 3×10⁻¹². नमुना वाढवल्याने खोटा संबंध रेषेपार गेला.

ओळखायचं कसं? क्यूक्यू प्लॉट काढा: अपेक्षित पी-व्हॅल्यूंचा −log₁₀ आडव्या अक्षावर, मिळालेल्यांचा उभ्या अक्षावर. सगळं ठीक असेल तर ठिपके कर्णरेषेवर चालतात आणि फक्त शेवटच्या टोकाला वर उचलले जातात. सुरुवातीपासूनच रेषा सोडून वर गेले तर लोकसंख्येची सरमिसळ, लपलेले नातेवाईक किंवा बॅचचा घोळ आहे. त्याचंच एका आकड्यातलं माप म्हणजे लॅम्डा. १.०५ पर्यंत सहसा चिंता नसते. फार मोठ्या नमुन्यात मात्र मधुमेहासारख्या आजारात हजारो खरे बारीक परिणाम मिळूनच लॅम्डा वाढतो. तेव्हा खरे बारीक परिणाम आणि सरमिसळ वेगळे करून दाखवणाऱ्या एलडी स्कोअर रिग्रेशनचा इंटरसेप्ट पाहावा, तो १ च्या जवळ हवा.

उपाय म्हणून डेटातूनच वंशाचे मुख्य घटक काढून ते मॉडेलमध्ये घालतात. नातेवाईक आधी वगळलेले आहेत असं धरून, qc या तपासून स्वच्छ केलेल्या डेटावर plink2 या प्रोग्रामच्या कमांड अशा:

```
plink2 --bfile qc --indep-pairwise 200 50 0.2 --out ld
plink2 --bfile qc --extract ld.prune.in --pca 10 --out pc
plink2 --bfile qc --covar pc.eigenvec \
  --covar-variance-standardize --glm hide-covar --out run
```

पहिली ओळ एलडी असलेली स्निप छाटते. ही ओळ वगळली तर मुख्य घटक वंशाऐवजी गुणसूत्राच्या एखाद्या घट्ट तुकड्याचं चित्र देतात. आणि केस एका समूहातून, कंट्रोल पूर्णपणे दुसऱ्यातून घेतले असतील तर कुठलीही कमांड वाचवू शकत नाही. केस आणि कंट्रोल एकाच ओपीडीच्या आसपासचे, त्याच वस्त्यांतले घेणं हे या सगळ्यापेक्षा स्वस्त पडतं.

८. मॅनहॅटन प्लॉटवर एकच ठिपका वर लटकतोय, आजूबाजूला काही नाही. हा शोध धरायचा का?

मॅनहॅटन प्लॉट म्हणजे गुणसूत्रावरची जागा आडव्या अक्षावर, आणि पी-व्हॅल्यू जितकी छोटी तितका ठिपका उंच असं चित्र. एकटा ठिपका दिसला की आधी संशय घ्या. खरा संबंध असेल तर एलडीमुळे शेजारची स्निपही थोडीफार वर येतात आणि मनोरा दिसतो. चिपवर दाट स्निप असताना एकटाच ठिपका वर असेल तर बहुधा ते स्निप नीट वाचलं गेलेलं नाही.

त्याचा क्लस्टर प्लॉट उघडा. चिप प्रत्येक माणसासाठी दोन अक्षरांच्या दोन रंगांची तीव्रता मोजते, आणि माणसांचे तीन वेगळे पुंजके पडायला हवेत: दोन्ही अक्षरं पहिली, एकेक, दोन्ही दुसरी. दोन पुंजके एकमेकांत मिसळले असतील, किंवा केसचा पुंजका कंट्रोलच्या पुंजक्यापासून सरकलेला असेल, तर ते स्निप वगळा. केस आणि कंट्रोल वेगळ्या महिन्यांत किंवा वेगळ्या चिपवर तपासले असतील तर हे हमखास होतं. २०१० मध्ये शंभरी गाठलेल्या लोकांच्या जनुकांवर ‘सायन्स’मध्ये आलेला गाजलेला अभ्यास २०११ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण वेगवेगळ्या चिपमुळे काही स्निप चुकीची वाचली गेली होती. म्हणून प्रत्येक प्लेटवर केस आणि कंट्रोल मिसळूनच लावा.

उलट बाजूही लक्षात ठेवा: एका मनोऱ्यात ४० स्निप रेषेपार गेली तर ते ४० शोध होत नाहीत, एकच जागा सापडली.

९. एफडीआर वापरला तर जास्त संबंध मिळतात. तो का वापरत नाहीत?

एफडीआर म्हणजे यादीतल्या खोट्यांचं प्रमाण ५ टक्क्यांवर ठेवणं. गोष्ट प्रश्न ८ च्या मनोऱ्यावर अडते. समजा एका खऱ्या जागेमुळे ९५ शेजारी स्निप यादीत आली आणि योगायोगाने ५ वेगळ्या जागांवरची एकेक आली. स्निपच्या हिशेबाने ५ टक्केच खोटी. जागांच्या हिशेबाने ६ पैकी ५ खोट्या. वाचकाला रस जागांमध्ये असतो. जनुकांच्या क्रियाशीलतेवर स्निपचा परिणाम तपासताना, जिथे हजारो खरे संबंध अपेक्षित असतात, तिथे एफडीआर रास्त आहे आणि वापरलाही जातो.

१०. एवढी पी-व्हॅल्यू छोटी, म्हणजे धोका फार मोठा असणार?

नाही. पी-व्हॅल्यू खात्री सांगते, परिणामाचा आकार ऑड्स रेशो सांगतो. TCF7L2 जनुकातलं rs7903146 हे मधुमेहाचं सर्वांत भक्कम सिद्ध झालेलं स्निप. पुण्यातल्या रुग्णांसह भारतीयांतही ते पुन्हा दिसलं आहे. तरी त्याच्या एका अक्षराचा ऑड्स रेशो १.४ च्या आसपासच आहे. घरी मागवलेल्या डीएनए रिपोर्टमध्ये ते लाल रंगात आलं म्हणून उपाशीपोटी साखर तपासायची गरज कमी होत नाही आणि निदानही होत नाही.

११. मग फक्त ९६ रुग्णांवरचा अभ्यास कसा काय मान्य झाला?

२००५ मध्ये म्हातारपणी दृष्टिपटलाचा मधला भाग झिजण्याच्या आजारावर ९६ केस आणि ५० कंट्रोल घेऊन अभ्यास झाला, हे खरं. त्यात १,०३,६११ स्निप तपासली गेली आणि मर्यादाही तितक्यांनीच भागली होती. CFH जनुकातला तो फरक लोकांत सर्रास आढळतो, आणि त्याच्या दोन्ही प्रती असलेल्यांत धोका सुमारे सातपट निघाला. इतका मोठा परिणाम आणि इतकं सर्रास अक्षर एकत्र आलं तर लहान नमुनाही रेषेपार जातो. मधुमेहात असं काही दडलेलं असतं तर ते आतापर्यंतच्या प्रचंड अभ्यासांत कधीच दिसलं असतं. त्या ९६ चा दाखला देऊन प्रोजेक्टचा नमुना ठरवू नका.

१२. 5×10⁻⁸ कधी बदलावी लागते?

आफ्रिकी वंशाच्या लोकांत एलडी कमी पसरलेला असतो, म्हणजे स्वतंत्र चाचण्या जास्त. तिथे रेषा आणखी खाली नेतात. संपूर्ण जीनोम वाचून दुर्मीळ फरकही तपासले तर 5×10⁻⁹ वापरण्याची पद्धत आहे. अख्ख्या जनुकाची एकच चाचणी केली तर उलट ती सैल होते: ०.०५ भागिले २०,०००, म्हणजे 2.5×10⁻⁶. एकाच डेटावर साखर, वजन, कोलेस्टेरॉल असे दहा स्वतंत्र गुण तपासले तर 5×10⁻⁸ ला पुन्हा दहाने भागा. नऊ गुण गाळून फक्त जमलेला दहावा छापणं ही याच हिशेबातली पळवाट आहे, आणि ती सर्रास होते.

१३. आमच्याकडे केस २०० आणि कंट्रोल २०,०००. दुर्मीळ स्निपमध्ये 10⁻¹⁰ चे ढीग येतात. का?

इथे दोष रेषेचा नाही, पी-व्हॅल्यू काढण्याच्या सूत्राचा आहे. अक्षर हजारात एक असेल तर २०० केसच्या ४०० प्रतींत ते ०.४ वेळा अपेक्षित आहे. योगायोगाने तीन जणांत दिसलं की नेहमीचं सूत्र, जे मोठ्या संख्यांवर बेतलेलं आहे, शेपटीत भलतीच छोटी पी-व्हॅल्यू देऊ शकतं. ०.०५ च्या आसपास ही चूक लक्षातही येत नाही. 5×10⁻⁸ च्या आसपास तीच सगळं ठरवते.

विरळ अक्षरांत सूत्राची ही चूक कमी करणारं फर्थ करेक्शन किंवा अशा विषम डेटासाठी बनवलेलं SAIGE हे सॉफ्टवेअर वापरा. `plink2` नेहमीच्या गणिताने उत्तर जुळलं नाही तरच फर्थकडे वळतं, म्हणून `--glm firth` असं स्पष्ट सांगणं बरं. आणि केसमध्ये ज्या अक्षराच्या अपेक्षित प्रती १० हून कमी आहेत, म्हणजे तुमच्या बाबतीत २.५ टक्क्यांहून दुर्मीळ, ती स्निप सरळ वेगळी काढा. तुमचे बहुतेक ढीग तिथेच संपतील.